एका अमावस्येवरून पुढच्या अमावस्या

श्रोतेहो, नमस्कार.

आज एकच आकडा लक्षात ठेवायचा आहे. जवळ कागद-पेन असेल तर लिहून घ्या, नसेल तर मी तो मधून मधून पुन्हा सांगणारच आहे. 29 दिवस, 12 तास, 44 मिनिटं. एका अमावस्येपासून पुढच्या अमावस्येपर्यंत सरासरी एवढा वेळ जातो. घाईच्या वेळी साडेएकोणतीस दिवस म्हटलं तरी चालतं. 28 नाही. "चंद्राचा महिना 28 दिवसांचा" हे इतक्या ठिकाणी छापलेलं असतं की आता त्यावर चिडायचंसुद्धा मी सोडून दिलं आहे.

आकड्याकडे वळण्याआधी 2024 च्या दिवाळीची हकिकत सांगतो, कारण तिच्यातच आपलं सगळं गणित दडलेलं आहे.

आठवतंय ना? लक्ष्मीपूजन 31 ऑक्टोबरला की 1 नोव्हेंबरला, यावरून त्या वर्षी घरोघरी वाद झाले होते. उत्तरेत बहुतेक ठिकाणी 31 ला दिवे लागले. आपल्याकडच्या दिनदर्शिकांत मात्र 31 ला नरक चतुर्दशी आणि 1 नोव्हेंबर, शुक्रवारी लक्ष्मीपूजन. दिल्लीची बहीण आणि पुण्याचा भाऊ फोनवर बोलताहेत, तिची पूजा आटोपलेली आणि याच्या घरी अजून अभ्यंगस्नानाच्या उटण्याचा वास. मग दोघंही एकमेकांच्या पंचांगवाल्यांना नावं ठेवतात!

प्रत्यक्षात दोन्हीकडची वेळ एकच होती. अमावस्या सुरू झाली 31 तारखेला दुपारी, चारला सात-आठ मिनिटं कमी असताना. संपली 1 तारखेला संध्याकाळी 6 वाजून 17 मिनिटांच्या सुमारास. वेळेबद्दल कोणाचंच भांडण नव्हतं. प्रश्न एवढाच होता की प्रदोषकाळ, म्हणजे सूर्यास्तानंतरचा पूजेचा काळ, नेमका कोणत्या दिवशीचा धरायचा. 31 च्या संध्याकाळी अमावस्या होती आणि ती रात्रभर होती. 1 तारखेच्या संध्याकाळीही होती, पण जेमतेम.

किती जेमतेम ते बघा. 1 तारखेला मुंबईत सूर्य मावळला सहा वाजून पाच मिनिटांच्या आसपास. अमावस्या संपली 6:17 ला. हातात राहिली बारा-एक मिनिटं. नागपुरात सूर्य पावणेसहाच्या आधीच मावळतो, म्हणून तिथे पाऊण तासाच्या आत-बाहेर वेळ मिळाला. अमावस्या सगळ्या देशात एकाच क्षणी संपते, पण सूर्यास्त गावोगावी वेगळा. आपल्याकडच्या पंचांगकर्त्यांनी जुना नियम धरला: दोन्ही दिवशी प्रदोषात अमावस्या मिळत असेल तर दुसरा दिवस घ्यायचा. मग ती मिनिटं बारा असोत की चाळीस.

या हकिकतीतला माझा सगळ्यात आवडता भाग शेअर बाजारातला आहे. त्या दिवशीचं मुहूर्ताचं ट्रेडिंग संध्याकाळी 6 ते 7 या वेळेत होतं. म्हणजे सहाला बाजार उघडला तेव्हा अमावस्या होती आणि सव्वासहानंतर बघता बघता प्रतिपदा लागली. ज्यांनी पहिल्या पंधरा मिनिटांत शेअर घेतले ते अमावस्येचे गिऱ्हाईक, चहा पिऊन निवांत आले ते पाडव्याचे! आणि एरवी अमावस्येला नवी वस्तू घ्यायची नाही म्हणणारी मंडळी या एका अमावस्येला सोनं घ्यायला रांग लावतात, हे आपलं जाता जाता.

तर सहा वाजून सतरा मिनिटं. ही वेळ म्हणजे आकाशातून बघितलं तर काय? पृथ्वीवरून पाहताना चंद्र आणि सूर्य एकाच रेखांशावर येतात तो क्षण. म्हणूनच पंचांगातली 'अमावस्या समाप्ती' हीच खरी अमावस्येची वेळ, तिलाच खगोलशास्त्रातली युती म्हणतात. पुन्हा सांगतो, समाप्ती. प्रारंभ नाही. दिनदर्शिकेत दोन्ही वेळा बारीक अक्षरात शेजारी शेजारी असतात आणि घाईत प्रारंभाची वेळ उचलली जाते. तसं झालं की तुमचं पुढचं सगळं गणित जवळजवळ एक दिवस आधीचं येतं. वर्षभर प्रत्येक अमावस्या सारखी दिवसभर लवकर येतेय असं दिसलं, तर समजा की सुरुवातीलाच प्रारंभ धरला गेला आहे.

आता गणित करू. हाताशी 1 नोव्हेंबर 2024, संध्याकाळी 6:17. तारखा मोजत बसायचं नाही, त्याला सोपी युक्ती आहे. महिना 30 दिवसांचा असेल तर पुढच्या महिन्यात तीच तारीख धरायची आणि अर्धा दिवस मागे जायचं. 31 चा असेल तर दीड दिवस मागे. 28 चा फेब्रुवारी मध्ये आला तर उलट, दीड दिवस पुढे. आणि दर वेळी 44 मिनिटं मिळवायची. पुन्हा ऐका: तीसला अर्धा मागे, एकतीसला दीड मागे, फेब्रुवारीला दीड पुढे, वर 44 मिनिटं.

नोव्हेंबर तीसचा. 1 डिसेंबर संध्याकाळी 6:17, त्यातून अर्धा दिवस वजा, सकाळचे 6:17, अधिक 44 मिनिटं: 1 डिसेंबर, सकाळी 7:01. प्रत्यक्षात अमावस्या संपली त्याच दिवशी 11:51 ला. तारीख बरोबर, वेळेत पावणेपाच-पाच तासांचा फरक.

आणखी एक पाऊल. डिसेंबर एकतीसचा, दीड दिवस मागे आणि 44 मिनिटं: 30 डिसेंबर, संध्याकाळी पावणेआठ. प्रत्यक्षात अमावस्या संपली पहाटे चारच्या सुमारास, म्हणजे इंग्रजी हिशेबाने 31 तारखेला. पण दिनदर्शिका उघडून बघा, अमावस्या 30 लाच छापलेली दिसेल, सोमवती म्हणून. कारण आपली तिथी सूर्योदयाला कोणती चालू आहे त्यावरून दिवसाला चिकटते, आणि इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते. पहाटे संपणारी अमावस्या छापील कॅलेंडरवर आदल्या तारखेला असते. गणित चुकलं असं समजून कागद फाडू नका.

हा पाच-आठ तासांचा फरक येतो कुठून? 29 दिवस 12 तास 44 मिनिटं ही सरासरी आहे. एकेक महिना तिच्यापेक्षा लहान-मोठा असतो. चंद्राची कक्षा लंबवर्तुळ. पृथ्वीजवळ असताना तो भरभर जातो, लांब असताना रेंगाळतो. अमावस्येच्या सुमारास चंद्र लांब असेल तर सूर्याला गाठायला त्याला जास्त वेळ लागतो, जवळ असेल तर कमी. 1 नोव्हेंबर 2024 च्या दोन-तीन दिवस आधी तो सगळ्यात लांब होता, म्हणून तो महिना भरला 29 दिवस साडेसतरा तासांचा. पुढे 2025 च्या मे अखेरची अमावस्या आली तेव्हा चंद्र जवळ होता, आणि तिथून पुढचा महिना फक्त 29 दिवस साडेसात तासांचा निघाला. एकाच वर्षात दोन महिन्यांत दहा तासांचा फरक! त्यात पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या जवळ असते आणि वेगाने जाते, त्याची थोडी भर.

त्यामुळे आपल्या गणितावर किती भरवसा ठेवायचा, तर साधारण अर्ध्या दिवसापर्यंत इकडे-तिकडे धरा. म्हणजे उत्तर दुपारच्या सुमारास आलं तर बहुधा तारीख बरोबर, मध्यरात्रीच्या आसपास आलं तर शेजारची तारीखही बघून ठेवा.

चुका साठत जातात का? सरासरीचा आकडा पूर्ण घेतला तर नाही, कारण लहान महिने मोठ्या महिन्यांची भरपाई करतात. साठतात त्या 44 मिनिटं टाकून देणाऱ्यांच्या. एक महिना 29, एक महिना 30 असं आलटून पालटून धरलं की दर महिन्याला 44 मिनिटं गळतात, वर्षाला पावणेनऊ तास, आणि 33 महिन्यांत पूर्ण एक दिवस.

आता दिवाळीकडून दिवाळीकडे उडी मारू. बारा महिने म्हणजे 354 दिवस आणि पावणेनऊ तास, वर्षापेक्षा अकरा दिवस कमी. 1 नोव्हेंबर 2024 मधून अकरा दिवस मागे, 21 ऑक्टोबर 2025. तासांसकट हिशेब केला तर 22 च्या पहाटे तीन वाजतात, म्हणजे मध्यरात्रीजवळचं उत्तर, शेजारची तारीख बघायलाच हवी. प्रत्यक्षात अमावस्या संपली 21 ला संध्याकाळी सहाच्या थोडं आधी, आणि आपल्याकडे लक्ष्मीपूजन झालं 21 लाच. (उत्तरेत पुन्हा एक दिवस आधी. दिल्लीच्या बहिणीने फोन केलाच असेल.)

2026 साठी आणखी अकरा दिवस मागे गेलात तर येतो 10 ऑक्टोबर, आणि इथे थांबायचं. दिवाळीची अमावस्या सूर्य तुळ राशीत असताना, म्हणजे साधारण 17 ऑक्टोबर ते 15 नोव्हेंबरच्या दरम्यानच येते. 10 ऑक्टोबरची अमावस्या सर्वपित्रीची. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे बारा नव्हे, तेरा महिने धरायचे. 21 ऑक्टोबर 2025 संध्याकाळच्या 5:55 मध्ये 383 दिवस साडेएकवीस तास मिळवले की येते 9 नोव्हेंबर 2026, दुपारी साडेतीनच्या आसपास. पंचांगात ती 9 ला दुपारी साडेबाराला संपते, आणि दुपारीच संपत असल्यामुळे 9 च्या संध्याकाळी अमावस्या उरतच नाही. प्रदोषात ती मिळते आदल्या दिवशी, म्हणून लक्ष्मीपूजन 8 ला, रविवारी.

आणि घरात जुनी कॅलेंडरं जपून ठेवणाऱ्यांसाठी एक गंमत. 235 चांद्रमहिने म्हणजे 6939 दिवस आणि साधारण साडेसोळा तास, जवळजवळ नेमकी 19 वर्षं. म्हणून 19 वर्षांपूर्वीचं कॅलेंडर बहुतेक जुळतं. 2005 ची दिवाळी 1 नोव्हेंबरला होती, 2006 ची 21 ऑक्टोबरला, 2007 ची 9 नोव्हेंबरला. माळ्यावर सापडलं तर 2026 च्या शेजारी 2007 चं पान ठेवून बघा. एका दिवसाचा फरक दिसेल, तो अमावस्या दिवसाच्या कोणत्या वेळी संपते त्यामुळे.