परदेशातील रुग्णालयाचे बिल आणि रुपयाची तारीख

श्रोतेहो, नमस्कार.

परदेशात आजारपण आले, रुग्णालयाचे बिल डॉलरमध्ये भरले आणि भारतात परतल्यावर प्रवास विम्याच्या कंपनीकडे त्याचा दावा लावला, तर कंपनी त्याचे पैसे आपल्या भारतातल्या बँक खात्यात रुपयांत जमा करते. आता डॉलरचा भाव रोज बदलतो. मग कंपनीने नेमका कोणत्या दिवसाचा भाव लावायचा? आजारी पडलो त्या दिवसाचा, बिल हाती आले त्या दिवसाचा, आपण पैसे भरले त्या दिवसाचा, की कंपनीने दावा मंजूर केला त्या दिवसाचा? आजचे बोलणे या एकाच प्रश्नावर आहे.

आधी एक गोष्ट बाजूला काढतो. रुग्णालयात दाखल होताच विमा कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला आणि कॅशलेसची सोय झाली, तर कंपनी रुग्णालयाला परस्पर डॉलरमध्ये पैसे देते. तिथे रुपयाचा भाव काय आहे, याची झळ आपल्याला बसत नाही. आपण फक्त डिडक्टिबल, म्हणजे आपल्या वाट्याची ठरलेली रक्कम, भरायची असते. भावाचा प्रश्न उभा राहतो तो आपण आधी खिशातून भरून नंतर परतावा मागतो तेव्हा.

याचे उत्तर आपल्या पॉलिसीतच छापलेले असते. शंभर जणांत एखादाच ते वाचतो, कारण ते 'दाव्याचे पैसे कोणत्या चलनात दिले जातील' अशा कोरड्या मथळ्याखाली, शेवटच्या पानांत दडलेले असते. प्रवास विम्याच्या पॉलिसींमध्ये नेहमी आढळणारी अट अशी असते, की रुपयांत रूपांतर 'डेट ऑफ लॉस'च्या भावाने होईल. म्हणजे ज्या दिवशी आजारपण किंवा अपघात घडला, त्या दिवसाच्या भावाने. काही पॉलिसींत, विशेषतः भारतातल्या आरोग्य विम्याला जोडून परदेशातल्या उपचारांचे संरक्षण मिळते अशांत, रुग्णालयाच्या बिलाची तारीख किंवा रुग्णालयाला पैसे दिल्याची तारीख धरतात. कंपनीने दावा मंजूर केल्याची तारीख मात्र सहसा धरली जात नाही, आणि लोकांची अपेक्षा नेमकी तीच असते. म्हणून पुन्हा सांगतो : बहुतेक वेळा घटनेची तारीख, काही वेळा बिलाची किंवा भरण्याची तारीख, आणि निर्णय तुमच्या पॉलिसीतल्या वाक्याचा.

आता मी तुम्हांला माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांची हकीगत सांगतो, कारण हा सगळा हिशेब तिच्यात स्वच्छ दिसतो. हे सांगलीचे निवृत्त बँक अधिकारी. आयुष्य लेजरमध्ये गेलेले, त्यामुळे आकडा दिसला की तपासायचाच, ही त्यांची सवय. २०२२ च्या एप्रिलमध्ये ते पत्नीसह न्यू जर्सीला मुलीकडे गेले. १४ मे, शनिवारी रात्री त्यांच्या कमरेतून असह्य कळा येऊ लागल्या. मुलीने गाडी काढली आणि जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात नेले. मूत्रपिंडातला खडा सरकला होता. सीटी स्कॅन झाला, शिरेतून औषधे दिली, एक रात्र देखरेखीखाली ठेवले आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडले. त्या धावपळीत विमा कंपनीला फोन करायचे कोणालाच सुचले नाही, त्यामुळे कॅशलेसचा मार्ग राहिला नाही.

अमेरिकेत एका आजारपणाचे एकच बिल येत नाही, हे तिथे राहणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला ठाऊक आहे. रुग्णालयाचे ६,२०० डॉलरचे बिल जूनच्या मध्यावर आले. आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरांचे १,१५० डॉलरचे वेगळे बिल जुलैत आले. स्कॅनची चित्रे वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टचे ३५० डॉलरचे बिल तर ऑगस्टमध्ये, हे दोघे सांगलीला परतल्यानंतर आले. एकूण ७,७०० डॉलर, आणि सगळे मुलीने तिच्या तिथल्या खात्यातून भरले. इथे मला आग्रहाने सांगावेसे वाटते की नुसते एकूण रकमेचे बिल घेऊन कधीही परतू नये. तपशीलवार, प्रत्येक तपासणीचा आणि औषधाचा वेगळा आकडा असलेले बिल मागणे हा रुग्णाचा हक्क आहे, आणि तो आपल्या लोकांनी संकोच न करता बजावला पाहिजे. गृहस्थांच्या मुलीने ती बिले, डिस्चार्जचा कागद आणि पैसे भरल्याच्या पावत्या मागवून घेतल्या होत्या, म्हणून पुढचे सगळे शक्य झाले.

ऑक्टोबरमध्ये कंपनीचे पत्र आले : दावा मंजूर, ५,७७,६०० रुपये खात्यात जमा. पत्रात ना डॉलरचा भाव होता, ना तारीख. त्या वेळी डॉलर ८२ रुपयांच्या घरात गेला होता. जावयाने फोनवर गणित मांडले : ७,७०० मधून डिडक्टिबलचे १०० डॉलर वजा करा, उरले ७,६००, त्यांना ८२ ने गुणा, म्हणजे ६,२३,२०० रुपये यायला हवेत. कंपनीने ४५,६०० रुपये कापले, तक्रार करा.

या गृहस्थांनी लगेच तक्रार केली नाही. त्यांनी आधी उलटा भागाकार केला. आलेले रुपये ५,७७,६००, त्यांना ७,६०० ने भागले, उत्तर आले बरोबर ७६. म्हणजे एकाही बिलातला डॉलर कापलेला नव्हता. फरक होता तो फक्त भावाचा. मग त्यांनी पॉलिसीचे पुस्तक उघडले आणि ते वाक्य शोधले. त्यात लिहिले होते की रूपांतर घटनेच्या तारखेला प्रसिद्ध झालेल्या संदर्भ दराने होईल, आणि त्या दिवशी दर प्रसिद्ध झाला नसेल तर त्यानंतरचा पहिला दर धरला जाईल. म्हणजे ८२ चा भाव मागण्याचा त्यांना अधिकार नव्हता, हे त्यांनी जावयाला स्पष्ट सांगितले.

पण ७६ हा तरी बरोबर होता का? हा संदर्भ दर पूर्वी रिझर्व्ह बँक काढत असे. २०१८ च्या जुलैपासून 'फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया' ही संस्था तो काढते. डॉलर, पौंड, युरो आणि येन यांचे दर कामकाजाच्या दिवशी दुपारी जाहीर होतात आणि मागच्या तारखांचे दरही पाहता येतात. १४ मे शनिवार, १५ मे रविवार, आणि सोमवारी १६ मेला बुद्धपौर्णिमेची सुट्टी. न्यू जर्सीत शनिवारची रात्र असताना आपल्याकडे रविवारची सकाळ असते, पण इथे दोन्ही दिवस दर नसल्याने त्याने फरक पडत नव्हता. पुढचा पहिला दर मंगळवार, १७ मेचा. गोळाबेरीज साडेसत्त्याहत्तर रुपये धरा. आणि ७६ चा भाव कधीचा? एप्रिलच्या मध्याचा, म्हणजे त्यांची पॉलिसी सुरू झाली त्या सुमाराचा. कंपनीत कोणीतरी पॉलिसी सुरू झाल्याची तारीख घटनेची तारीख म्हणून भरली होती.

७,६०० गुणिले ७७ रुपये ५० पैसे, म्हणजे ५,८९,०००. फरक ११,४०० रुपयांचा. त्यांनी एका पानाचे पत्र लिहिले. त्यात पॉलिसीतल्या अटीचा क्रमांक, आपत्कालीन विभागातली नोंदीची तारीख, १७ मेचा दर आणि हा गुणाकार, इतकेच होते. रागाचा एक शब्द नव्हता. उरलेले ११,४०० रुपये तीन आठवड्यांत जमा झाले.

याच पॉलिसीत बिलाची तारीख धरायची अट असती, तर काय झाले असते? जूनमध्ये डॉलर ७८ च्या आसपास होता, जुलैत ७९, ऑगस्टमध्ये साडेएकोणऐंशी. तिन्ही बिलांना तीन वेगळे भाव लागले असते, डिडक्टिबल पहिल्या बिलातून वजा झाले असते, आणि बेरीज सुमारे ५,९४,५०० रुपये झाली असती, म्हणजे साडेपाच हजार जास्त. रुपया घसरत होता म्हणून उशिराची तारीख फायद्याची ठरली असती. रुपया वधारत असता तर उलट झाले असते. शिवाय मुलीला पैसे परत पाठवायला निघाल्यावर त्यांना ८२ च्या वरच्या भावाने डॉलर घ्यावे लागले. ५,८९,००० रुपयांत ७,१८३ डॉलरसुद्धा पुरते येईनात. मधल्या पाच महिन्यांतल्या घसरणीचा हा भार विमा उचलत नाही, तो ज्याने पैसे भरले त्याच्यावरच पडतो.

माझे स्पष्ट मत आहे की दाव्याच्या प्रत्येक मंजुरीपत्रावर लावलेला भाव आणि त्याची तारीख छापणे सक्तीचे असायला हवे. बँका परकीय चलन देताना पावतीवर भाव लिहितात. मग विमा कंपनीने तो का लिहू नये? जोपर्यंत तो छापला जात नाही, तोपर्यंत आपणच तो पत्राने विचारावा.

आता थोडे, बिल स्वतःच्या भारतीय क्रेडिट कार्डाने भरणाऱ्यांसाठी. कार्डाची बँक परकीय व्यवहारावर साधारण दोन ते साडेतीन टक्के अधिभार लावते आणि त्या अधिभारावर १८ टक्के जीएसटी. एक लाखाच्या बिलावर साडेतीन टक्क्यांनी ३,५०० रुपये आणि त्यावरचे ६३०, असे ४,१३० रुपये होतात. कंपनी संदर्भ दराने पैसे देते, त्यामुळे हा भाग सहसा परत मिळत नाही. म्हणून दाव्याच्या अर्जात कार्डाच्या विवरणातली रुपयांची रक्कम लिहू नका. बिलातली मूळ चलनातली रक्कम लिहा आणि विवरण फक्त पैसे भरल्याचा पुरावा म्हणून जोडा. पॉलिसीत पैसे भरल्याची तारीख धरायची अट असेल, तर मात्र तेच विवरण तारखेचाही पुरावा ठरते.

भावाबद्दल लेखी विचारणा करूनही कंपनीने एक महिन्यात उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पॉलिसीतल्या अटीशी जुळत नसेल, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबई, पुणे अशा शहरांत आहेत, तक्रारीला शुल्क नाही आणि वकिलाची गरज नाही. तक्रार कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत करावी लागते. सोबत पॉलिसीच्या त्या पानाची प्रत, रुग्णालयातल्या नोंदीचा कागद आणि त्या तारखेच्या संदर्भ दराची छापील प्रत जोडावी.

नमस्कार.