पंप आणि दोन प्रोब

[दृश्य: सकाळची गच्ची, मागे खाडी]

ऐरोली. पांढऱ्या पाइपांत लेट्यूसची रोपं, आणि खाली निळं पिंप. पिंपात ४० लिटर पाणी.

[दृश्य: पंप, अगदी जवळून]

बाटलीतलं खत आणि आम्ल पिंपात सोडणारा हा पंप नीट बघा. आतले रोलर फिरताना सिलिकॉनची नळी दाबत जातात आणि द्रव पुढे ढकलला जातो. तो फक्त नळीलाच शिवतो, त्यामुळे मोटरला आम्लाचा त्रास नाही. पंप थांबला तरी नळी दाबलेलीच राहते, म्हणून बाटली आपोआप पिंपात रिकामी होत नाही. या गच्चीवर आम्हाला सगळ्यात भरवशाची वाटली ती हीच वस्तू.

[दृश्य: मोजपात्र]

पण नळी दमते. ही बाग सांभाळणाऱ्या ताई दर महिन्याला पंप मिनिटभर मोजपात्रात चालवून बघतात. नळी नवी होती तेव्हा ४० मिली यायचे, आज ३८ आले. हा आकडा प्रोग्राममध्ये बदलला नाही, तर खत कमी पडत जातं.

ईसी, म्हणजे पाण्याची वाहकता, त्या १.२ वर ठेवतात. आज १.० आहे. ए आणि बी खत प्रत्येकी २० मिली घातलं की या पिंपात ईसी ०.१ वाढते, हे त्यांनी स्वतः मोजून काढलंय. म्हणजे लागणार प्रत्येकी ४० मिली. तरी पंप आधी २०च सोडतो, पंधरा मिनिटं थांबतो आणि पुन्हा मोजतो. खतानं पीएचही थोडा उतरतो, म्हणून आम्लाची पाळी शेवटी.

[दृश्य: पाण्यातले दोन प्रोब]

मार्चमध्ये पडद्यावर पीएच ६.० दिसत होता. पानं मात्र मलूल. हातातल्या मीटरनं मोजलं, तर ४.७! बिघडला असेल म्हणून ताईंनी पीएचचा प्रोब बफरमध्ये, म्हणजे ठरावीक पीएचच्या द्रावणांत, बुडवला. ७.०० आणि ४.००, दोन्ही आकडे बरोबर आले. परत पिंपात टाकला, तर पुन्हा ६.०. मग त्यांनी शेजारचा ईसीचा प्रोब पाण्याबाहेर उचलला. [पडदा: ४.७]

ईसीचा प्रोब मोजण्यासाठी पाण्यात वीज सोडतो. पीएचचा प्रोब एका अंकामागे जेमतेम ५९ मिलिव्होल्ट देतो. दोघांचे बोर्ड एकाच पुरवठ्यावर होते, त्यामुळे ती वीज पीएचच्या आकड्यात मिसळली. बफरच्या बाटलीत प्रोब एकटाच असतो, म्हणून तिथे दोष दिसलाच नाही. खोटा आकडा ६.० वर यावा म्हणून पंप आम्ल सोडत राहिला होता.

त्या खेपेची अर्धी रोपं गेली.

[दृश्य: नवा बोर्ड, लाल दिवा]

आता ईसीच्या बोर्डाचा वीजपुरवठा आणि सिग्नल, दोन्ही विजेचा थेट जोड तोडणाऱ्या आयसोलेटरमधून जातात. शिवाय दिवसाला आम्ल जास्तीत जास्त ८ मिली. तेवढं संपलं की पंप थांबतो, लाल दिवा लागतो, आणि ताई हातातला मीटर घेऊन गच्चीवर येतात.