साठचा बल्ब गेला, नऊचा एलईडी आला: मधले एक्कावन्न वॅट कुठे गेले?

नमस्कार मंडळी. पोल्ट्रीवाल्यांना आधी एक प्रश्न. अंड्यातून नुकतीच आलेली पिलं शेडमध्ये सोडली की पहिले आठ-दहा दिवस त्यांच्या डोक्यावर तुम्ही बल्ब का टांगता? उजेडासाठी? छे. उबेसाठी. आणि कुणी वीज वाचवायला म्हणून तिथे एलईडी लावला, तर शेडमध्ये उजेड तसाच राहील, पण पिलं एका कोपऱ्यात एकावर एक चढून गोळा होतील. त्यांना थंडी वाजतेय हे ओळखायला तेवढी खूण पुरते.

आजचा सगळा विषय या पिलांनीच सांगून टाकलाय. जुना बल्ब ही खरं तर शेगडी आहे. तापलेली असताना ती थोडी दिसते, एवढंच.

(साठ वॅटचा बल्ब हातात घेऊन)

हा बघा, आपला जुना साठचा बल्ब. आत टंगस्टनची बारीक तार आहे, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. वीज गेली की तार तापते, साधारण अडीच हजार अंश सेल्सिअसपर्यंत. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड तापताना आधी नुसती धग लागते, मग ते लाल दिसतं, मग केशरी, मग पिवळं. तारेचंही तेच. तापलेली कुठलीही वस्तू किरण बाहेर टाकते, आणि ते किरण कोणते असतील हे तिचं तापमान ठरवतं.

अडचण अशी की अडीच हजार अंशालाही बहुतेक किरण अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेडच असतात. ते कातडीला जाणवतात, डोळ्यांना दिसत नाहीत. साठ वॅट आत गेले तर डोळ्यांना दिसेल असा प्रकाश जेमतेम तीन-चार वॅट. उरलेली सगळी ऊब.

मग तार आणखी तापवू या ना? सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा आहे, त्याचा बराच प्रकाश आपल्याला दिसतो. पण टंगस्टन 3,422 अंशांना वितळतं, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून त्याची वाफ होऊ लागते. जुन्या बल्बची काच आतून काळपट झालेली पाहिली असेल, ती हीच वाफ. तार झिजते, एखाद्या जागी बारीक होते, आणि एक दिवस बटण दाबल्याबरोबर बल्ब उडतो. थोडक्यात, जास्त तापवलं तर बल्ब टिकत नाही आणि कमी तापवलं तर उजेड पडत नाही.

कमी तापवल्यावर काय होतं, हे ज्यांनी गावाकडे रात्री अभ्यास केलाय त्यांना पाठ आहे. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे लागले की व्होल्टेज पडायचं आणि बल्ब तांबूस होऊन बसायचा. त्याचा हिशेब मजेशीर आहे. 230 व्होल्टच्या जागी 180 आले, तर बल्ब वीज खातो नेहमीच्या दोन तृतीयांश, पण उजेड देतो निम्म्याहूनही कमी. तार थोडी गार झाली की दिसणारा प्रकाश सगळ्यात आधी घटतो, धग मात्र मागे राहते. म्हणजे वाचनाला उजेड नाही, आणि वीजही म्हणावी तशी वाचत नाही.

आता हा दुसरा.

(नऊ वॅटचा एलईडी, वरचा पांढरा घुमट काढलेला)

आत गोल पत्र्यावर हे पिवळे ठिपके दिसतायत? इथे तापवून उजळवायची भानगडच नाही. प्रत्येक ठिपक्याखाली अर्धवाहकाचा इवलासा कण आहे, इंडियम गॅलियम नायट्राइडचा. त्यात इलेक्ट्रॉनला राहायला जणू दोन मजले आहेत, वरचा आणि खालचा, आणि मधे जिना नाही. बॅटरीने किंवा विजेने इलेक्ट्रॉन वरच्या मजल्यावर आणून सोडला की तो खाली उडी मारतो, आणि उडीत जी ऊर्जा सुटते ती प्रकाशाचा एक कण होऊन बाहेर पडते. मजल्यांमधली उंची ठरलेली, म्हणून रंगही ठरलेला. उंची कमी असेल तर लाल, जास्त असेल तर निळा. फारच कमी असेल तर अवरक्त, तो तुमच्या टीव्हीच्या रिमोटमध्ये आहे.

तापमानाने रंग ठरत नाही, ही खरी मेख. तारेला दिसणारा प्रकाश देण्यासाठी न दिसणाऱ्याचा डोंगर उपसावा लागतो. इथे आपण हवी तेवढीच उंची बांधतो. या ठिपक्यातल्या एका कणाला साधारण तीन व्होल्ट लागतात, कारण निळ्या प्रकाशाची उडी जवळपास तेवढ्याच उंचीची असते.

हो, निळा. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. वर जो पिवळा थर दिसतो तो थोडा निळा प्रकाश गिळतो आणि त्याचा पिवळा करून परत देतो. उरलेला निळा आणि हा पिवळा मिळून आपल्याला पांढरं दिसतं. लाल एलईडी 1960च्या दशकापासून होते, पण चांगला निळा बनवायला 1990चं दशक उजाडलं. त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

हिशेब करू. नऊ वॅट आत आले. साधारण एक वॅट ड्रायव्हर खातो. ड्रायव्हर म्हणजे खालच्या बुडात बसलेलं छोटं सर्किट, 230 व्होल्टची वीज या कणांना झेपेल अशी करून देणारं. उरलेल्या आठातला निम्मा भाग कणांमध्येच उष्णता होतो, कारण प्रत्येक उडीतून प्रकाश निघतोच असं नाही, आणि निघालेला सगळा बाहेरही पडत नाही. निळ्याचा पिवळा करताना आणखी थोडी ऊर्जा जाते. हातात उरतो सुमारे तीन वॅट प्रकाश.

तीन! जुन्या बल्बनेही तेवढाच दिला होता. त्याने साठ घेतले, याने नऊ. रोज पाच तास लावला तर महिन्याला साठचा बल्ब नऊ युनिट जाळतो, हा एक युनिट आणि वर थोडं.

पण नीट ऐकलंत तर एलईडीतही सहा वॅट उष्णता होतेच. मग तो गार का वाटतो? गार नाहीच. बुडाला, होल्डरजवळ हात लावून बघा. (बंद करून लावा, हां.) जुन्या बल्बची ऊब किरण होऊन स्वतःच खोलीभर पसरायची, त्याला तापण्याची फिकीर नव्हती. एलईडीची उष्णता त्या कणांच्या मागे साचते, आणि ती ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून, बुडातून हळूहळू बाहेर काढावी लागते. कण तापले की उजेड घटतो आणि आयुष्यही.

म्हणूनच तोच बल्ब चहूबाजूंनी बंद काचेच्या हंडीत घातला की लवकर जातो. बऱ्याचदा आधी ड्रायव्हरमधला कपॅसिटर सुकतो. लावल्यावर दहा मिनिटं ठीक चालतो, मग लुकलुकायला लागतो, बंद करून गार केला की पुन्हा नीट. असं दिसलं तर दोष ड्रायव्हरचा असण्याची शक्यता जास्त. आणि घुमट काढल्यावर एखाद्या पिवळ्या ठिपक्यावर काळा डाग दिसला, तर तो कण जळालाय. हे कण एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे एक तुटला की अख्खा बल्ब बंद, जुन्या लग्नाच्या माळेसारखा.

पुढच्या वेळी दुकानात गेलात तर खोक्यावर वॅट वाचू नका, ल्युमेन वाचा. वॅट म्हणजे त्याने किती खाल्लं, ल्युमेन म्हणजे तुम्हाला किती मिळालं. साठच्या बल्बच्या जागी लावायला सातशे-आठशे ल्युमेन बघायचे.

पोल्ट्रीवाल्यांनी मात्र पिलांवरचा बल्ब काढू नये.