बिल्टी नंबरशिवाय नफा कळत नाही

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘ईआरपीतला ग्राहकनिहाय आणि मालनिहाय नफा’. सूट, परत आलेला माल, ग्राहक, सगळ्याकडे येतो. पण सुरुवात गाडीभाड्यापासून करतो, कारण माझ्या मते विदर्भातल्या कारखान्यांचे नफ्याचे रिपोर्ट सगळ्यांत जास्त तिथे चुकतात.

हिंगणा एमआयडीसीतला एक कारखाना डोळ्यांपुढे आणा. पाण्याच्या टाक्या आणि पीव्हीसी पाइप बनवतो. उदाहरण मी समजावण्यापुरतं रचलंय आणि आकडे मुद्दाम गोल ठेवलेत. चंद्रपूरच्या डीलरकडे एक गाडी निघाली. जीएसटी सोडून आणि बिलातली सूट वजा करून तिच्यात १ लाखाच्या टाक्या आहेत आणि ३ लाखांचे पाइप. टाक्यांचा उत्पादन खर्च ८२ हजार, पाइपांचा २ लाख ६४ हजार. म्हणजे टाकीत १८ टक्के सुटतात, पाइपात १२. मालक सेल्सच्या पोरांना सांगतात, ‘टाकी ढकला, पाइप तर कोणीही विकतो.’ एप्रिल-मे आला की टाकीवर वेगळा इन्सेंटिव्ह सुद्धा लावतात.

आता गाडीचं भाडं १६ हजार. हे कुठे गेलं? इथे माझी जुनी तक्रार आहे आणि ती जरा सविस्तर मांडतो.

ट्रान्सपोर्टवाला महिन्याचं एकच बिल पाठवतो. दहा-पंधरा गाड्या, खाली एक बेरीज. आपल्याकडचा माणूस आरसीएम बघतो, टीडीएस बघतो, बेरीज तपासतो आणि ‘जावक भाडं’ या एका खात्यावर एकच व्हाउचर टाकतो. कर बिनचूक, ऑडिटला अडचण नाही. पण कोणतं भाडं कोणत्या बिलाचं, हे त्या क्षणी कायमचं पुसलं गेलं. मी असे अनेक लेजर पाहिलेत. वर्षाचं लाखांतलं भाडं, आणि त्यात ना ग्राहकाचं नाव, ना मालाचं. राग याचा येतो की माहिती हातात होती! प्रत्येक गाडीची बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याची मालाची पावती, फाटते. ई-वे बिलावर गाडीचा नंबर असतो. टॅलीत सुद्धा बिल बनवताना डिस्पॅचच्या पानावर `Bill of Lading/LR-RR No.` असा बिल्टी नंबराचाच रकाना समोर येतो. आणि आपण एंटर दाबून पुढे जातो. तो रकाना रिकामा सोडला तर पुढे कितीही महागडं सॉफ्टवेअर घ्या, उपयोग नाही. बिल्टी आणि बिल जुळवायला दोन्हीकडे एकच नंबर हवा, आणि तो लोडिंगच्या दिवशीच मिळतो. महिनाअखेरीला ट्रान्सपोर्टच्या बिलाची नोंद गाडीवार, बिल्टी नंबरासकट करायची. दहा ओळी जास्त टाइप कराव्या लागतात, एवढाच त्याचा खर्च.

बरं, बिल्टी जुळली. पण गाडीत दोन माल आहेत, १६ हजार वाटायचे कसे? ईआरपीत सोपी सोय असते, ती म्हणजे किमतीच्या प्रमाणात. टाक्यांना ४ हजार, पाइपांना १२ हजार. टाकीत १४ टक्के उरले, पाइपात ८. मालक खूश, त्यांचं म्हणणं आणखी पक्कं झालं.

आता लोडिंगवाल्या हमालांना विचारा, गाडी भरली कशाने? पाइप तरी एकात एक सारता येतात, बारका जाड्यात जातो. बंद तोंडाची टाकी मात्र आतली सगळी हवा घेऊन चंद्रपूरला जाते. गाडीची पाऊण जागा टाक्यांनी खाल्ली. वजनकाट्यावर गाडी हलकी, तरी आत माल मावेना. अशा गाडीचं भाडं आपण जागेसाठी मोजलंय, म्हणून ते जागेवरच वाटायला हवं. टाक्यांना १२ हजार, पाइपांना ४ हजार. आता टाकीत उरले ६ हजार, म्हणजे ६ टक्के. पाइपात ३२ हजार, पावणेअकरा टक्क्यांच्या जवळपास. क्रम उलटला. माल तोच, भाडंही तेच, फक्त वाटप बदललं.

यासाठी आयटम मास्टरमध्ये प्रत्येक मालाची गाडीतली जागा भरावी लागते, आणि कंपनीच्या कॅटलॉगमधून नाही, लोडिंगला उभं राहून. सिमेंटसारखा जड माल असेल तर हाच नियम उलटतो. तिथे गाडी वजनाने भरते, जागा शिल्लक राहते, म्हणून वजनावर वाटा. गाडी कशाने भरली, हा प्रश्न प्रत्येक मालाला विचारायचा.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे, वेळ होत आलाय. तर उरलेलं भरभर.

टर्नओव्हर डिस्काउंट. डीलरला वर्षाअखेरीला ३ टक्क्यांची क्रेडिट नोट जाते, आणि ती बहुतेक वेळा मालाचं नाव न घेता. मग मालनिहाय रिपोर्टमध्ये ती दिसतच नाही आणि अकरा महिने ग्राहक फायद्याचा वाटतो. दर महिन्याला विक्रीवर ३ टक्के तरतूद धरा. टाकीचे ६ हजार होते, ३ हजार राहिले.

परत आलेला माल. त्या गाडीतली ५ हजारांची एक टाकी तडकून परत आली. ईआरपी काय करतं? विक्री ५ हजारांनी कमी, खर्च ४१०० ने कमी, रिपोर्टमध्ये नफा फक्त ९०० ने घटला. पण टाकी गोदामात चांगल्या मालाच्या भावाने जमा झाली ना! भंगारात तिचे ८०० येतात. उरलेले ३३०० पुढे केव्हातरी स्टॉकच्या घटीत जातात, तिथे डीलरचं नाव नसतं. ९०० आणि ३३०० मिळून ४२००. त्या परतीमुळे टर्नओव्हर डिस्काउंटचे दीडशे वाचले, तरी १८ टक्क्यांची टाकी या गाडीत हजाराच्या वर तोट्यात गेली. उपाय असा: परतीचा माल वेगळ्या गोदामात, वेगळ्या भावाने घ्या, आणि घटीच्या नोंदीत मूळ बिलाचा नंबर ठेवा.

ग्राहकाचंही हेच. गाडी चंद्रपूरला उतरून पुढे अहेरीला गेली, तर पुढच्या टप्प्याचं जादा भाडं अहेरीच्या डीलरचं. दोघांत सारखं वाटलं तर चंद्रपूरवाला विनाकारण वाईट दिसतो.

सॉफ्टवेअरबद्दल दोनच वाक्यं. ईआरपीनेक्स्टचा `Gross Profit` रिपोर्ट विक्री आणि मालाची किंमत यांतला फरक दाखवतो, त्यात नंतर भरलेलं जावक भाडं आपोआप येत नाही. सॅपमध्ये `KE28` ने वरची रक्कम खाली ग्राहक-मालापर्यंत वाटता येते, पण वाटपाचा आधार तुम्हीच द्यायचा असतो, आणि तो विक्रीची रक्कम दिलात तर वरच्या ४ आणि १२ हजारांवरच परत येऊन बसाल.

आणि तपासणी. रिपोर्टमध्ये वाटलेलं एकूण भाडं ट्रायल बॅलन्समधल्या भाड्याशी जुळवून बघा. काही गाड्यांची बिल्टी सापडणार नाही. ती रक्कम इतरांवर पसरवू नका, ‘न वाटलेलं भाडं’ म्हणून शेवटी स्वतंत्र ओळीत ठेवा आणि दर महिन्याला ती मालकांना दाखवा. प्रश्न असतील तर आता घेऊ, आणि टाकीवाले कोणी बसले असतील तर आधी तुमचे.