व्होल्ट कुठे पडतात ते बघा

मंडळी, माझ्या हातातला हा आगपेटीपेक्षाही लहान डबा म्हणजे यूएसबी मीटर. चार्जर आणि मोबाइलच्या मध्ये लावला की तो व्होल्ट आणि करंट दाखवतो, आणि मोबाइल हळू चार्ज होत असेल तर दोष कुठे आहे ते शोधता येतं. लॅमिंग्टन रोडला किंवा तापकीर गल्लीत काही शे रुपयांत मिळतो. घेताना एवढंच बघा, की त्याला जुनं चौकोनी तोंड आणि टाइप-सी, दोन्ही असावीत आणि दोन्हीकडे आत जाणारी आणि बाहेर येणारी बाजू असावी. ती का हवी, ते आत्ता कळेल.

बहुतेक लोक मीटर आणतात, चार्जरमध्ये खोचतात, त्यात केबल लावतात आणि आकडा वाचतात. ५.१ व्होल्ट. मग म्हणतात, चार्जर उत्तम आहे, मोबाइलच बिघडलाय. पण हा आकडा चार्जरच्या दारातला आहे. मोबाइलच्या दारात किती पोचलं, ते अजून मोजलेलंच नाही. म्हणून एक मोजणी चार्जरपाशी करायची आणि दुसरी केबलच्या पलीकडच्या टोकाला, मोबाइलला अगदी लागून.

करून बघू. हा साधा चार्जर आहे, त्यावर ५ व्होल्ट, २ अँपिअर छापलंय. मोबाइलची बॅटरी मुद्दाम वीस-पंचवीस टक्क्यांवर आणलीय, कारण भरत आलेली बॅटरी स्वतःच कमी करंट घेते आणि मग आपण केबलला उगाच दोष देतो. स्क्रीन बंद. ही केबल मीटरभर लांबीची, बारीक, फुकटात आलेली. मीटर आधी चार्जरपाशी लावतो: ५.१२ व्होल्ट, १.४५ अँपिअर. आता मीटर काढून केबलच्या टाइप-सी टोकाला लावतो आणि तो मोबाइलमध्ये खोचतो. आकडे स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबायचं. करंट तोच, १.४५. व्होल्ट मात्र ४.४१.

म्हणजे वाटेत ०.७१ व्होल्ट गेले. त्याला १.४५ ने भागा, उत्तर ०.४९ ओहम. हा या केबलचा रोध, पिनांच्या जोडांसकट. चार्जरमधून ७.४ वॉट निघाले, मोबाइलला ६.४ पोचले. राहिलेला एक वॉट केबल तापवण्यात गेला. हा भागाकार करताना दोन्ही वेळी करंट जवळजवळ सारखाच हवा. एका वेळी १.४ आणि दुसऱ्या वेळी ०.९ दिसला, तर ती वजाबाकी फेकून द्या आणि पुन्हा मोजा.

आता ही जाड केबल, तेवढ्याच लांबीची. चार्जरपाशी ५.०६ व्होल्ट, १.९८ अँपिअर. मोबाइलपाशी ४.६६. पडले ०.४० व्होल्ट, रोध ०.२ ओहम. चार्जर तोच, मोबाइल तोच, आणि आता मोबाइलला नऊ वॉटच्या वर मिळतायत. चार्जरपाशचा व्होल्ट मघापेक्षा किंचित कमी दिसतोय, कारण त्याच्यावर भार वाढलाय. त्यात काळजीचं काही नाही.

हा फरक केबलच्या अंगावर कधीकधी छापलेला असतो. पहिलीवर काहीच नाही. दुसरीवर बारीक अक्षरांत आहे: 28AWG/1P+24AWG/2C. पहिला भाग डेटाच्या तारांच्या जोडीचा, दुसरा वीज नेणाऱ्या दोन तारांचा. इथे आकडा जितका लहान, तितकी तार जाड. २८ गेजच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे साधारण ०.२१ ओहम रोध असतो, आणि वीज जायची एक तार नि यायची एक, म्हणजे ०.४२ झाला. वर जोडांचे थोडे. पहिल्या केबलचं ०.४९ बहुधा इथूनच आलंय. २४ गेजला तोच हिशेब ०.१७ चा. अर्थात छापलेलं खरंच असेल असं नाही. आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असलं, तर रोध जास्त निघतो आणि मीटर ते लपू देत नाही.

पण पहिल्या केबलवर करंट १.४५ लाच का अडला? चार्जर तर २ द्यायला तयार होता. मोबाइलमधली चार्जिंगची चिप येणाऱ्या व्होल्टेजवर नजर ठेवून असते. ते एका मर्यादेखाली, बऱ्याच मोबाइलमध्ये साडेचारच्या आसपास, घसरायला लागलं की ती करंट कमी करते. करंट कमी झाला की व्होल्ट सावरतात आणि ती तिथेच थांबते. म्हणून मोबाइलपाशी व्होल्ट ४.४-४.५ ला चिकटून बसलेले दिसले आणि चार्जरपाशी मात्र ५.१ असले, तर केबल आडवी आलीय असं खुशाल समजा. चार्जरपाशीच ४.६ दिसत असतील, तर चार्जर आपल्या छापील आकड्याला जागत नाहीये.

तिसरी परिस्थिती लोकांना सगळ्यात जास्त चकवते: दोन्हीकडे व्होल्ट पाचच्या जवळ, पण करंट जेमतेम अर्धा अँपिअर. इथे कुठे काही पडतच नाहीये, मोबाइलच जास्त मागत नाहीये. एक तर बॅटरी भरत आलीय किंवा मोबाइल तापलाय. नाहीतर केबलमध्ये डेटाच्या तारा नाहीत किंवा तुटल्यात. साधा चार्जर ‘मी चार्जर आहे, कॉम्प्युटर नाही’ हे त्याच तारांवरून कळवतो. ती खूण पोचली नाही, की मोबाइल सावधपणे अर्ध्या अँपिअरवर राहतो. केबल बदलून बघा, लगेच कळेल.

हाच घोटाळा खुद्द मीटरही करू शकतो. अगदी स्वस्त मीटरमध्ये डेटाच्या किंवा टाइप-सीच्या खुणेच्या तारा पुढे नेलेल्याच नसतात. मग मीटर लावला की फास्ट चार्जिंग बंद, काढला की चालू. म्हणून आधी मीटरशिवाय मोबाइलच्या स्क्रीनवर फास्ट चार्जिंग लिहून येतंय का ते बघा, मग मीटर लावून बघा. टाइप-सीत प्लग उलटा करून पाहिलं तर कधीकधी जमतं. काही कंपन्यांचं फास्ट चार्जिंग त्यांच्या स्वतःच्या पद्धतीचं असतं, त्यात मीटर मध्ये आला की ते साध्यावर उतरतं. त्यावरून चार्जर वाईट ठरवू नका. आणि मीटरच्या पाठीवर लिहिलेल्या अँपिअरच्या पुढे त्याला ताणू नका.

फास्ट चार्जर ९ व्होल्टवर गेला की तीच बारीक केबल बरी वाटायला लागते. २ अँपिअरला तिच्यात जवळपास एक व्होल्ट पडतो, पण ९ मधून एक गेला तर आठ उरतात आणि मोबाइलला ते पुरतात. फक्त केबलमध्ये दोनेक वॉट जळतात. हात लावून बघा, कोमट लागेल.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय: बॅटरी ५००० mAh ची आहे, पण मीटरने जेमतेम ४६०० मोजले, बॅटरी खराब झाली का? तसा निष्कर्ष काढता येत नाही, ताई. बॅटरीवरचे ५००० हे साधारण ३.८५ व्होल्टच्या हिशेबाने, म्हणजे सुमारे १९ वॉट-तास. मीटरने ४६०० मोजले ते ५ व्होल्टवर, म्हणजे २३ वॉट-तास. जास्तीचे चार मोबाइलमध्ये उष्णता होऊन आणि मोबाइल चालू राहण्यात गेले. तेच चार्जिंग ९ व्होल्टवर केलंत तर मीटर २५५० च्या आसपासच दाखवेल. म्हणून mAh कडे दुर्लक्ष करा आणि मीटरचं बटण दाबून Wh वाचा. तिथेही सुरुवातीची नि शेवटची टक्केवारी लिहून ठेवा, आणि रात्रभर मोबाइल लावून ठेवला असेल तर तो आकडा धरू नका. बॅटरी भरल्यावरही मोबाइल थोडा करंट घेत राहतो, आणि एवढ्या कमी करंटला स्वस्त मीटर फारसा अचूक नसतो.