तोट्यानंतरचा दुसरा ट्रेड

नमस्कार श्रोतेहो. आज शेअर बाजाराबद्दल बोलायचंय, पण कुठला शेअर घ्यावा हे मी सांगणार नाहीये. तोटा झाल्यावर पुढच्या दहा मिनिटांत माणूस काय करतो, फक्त तेवढ्यावर बोलूया, कारण ऑप्शन या मुदतीच्या सौद्यांमध्ये ज्यांचे पैसे गेलेत त्यातल्या बऱ्याच जणांचा मोठा तोटा त्या दहा मिनिटांत सुरू झालेला असतो असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा एक आकडा ऐका. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने फ्युचर्स आणि ऑप्शन्सचा अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून जास्त लोकांनी यात ट्रेडिंग केलं आणि त्यातले ९३ टक्के तोट्यात गेले. आणि तोटा होऊनही पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त लोकांनी ट्रेडिंग चालूच ठेवलं. मला जास्त काळजी या दुसऱ्या आकड्याची वाटते, हरल्यावर थांबता का येत नाही?

आता एक दिवस डोळ्यासमोर आणा. हे उदाहरण माझं, हिशेबासाठी घेतलेलं. मंगळवार आहे, निफ्टीची एक्स्पायरी, म्हणजे त्या ऑप्शनची मुदत संपायचा दिवस. एका माणसाच्या खात्यात एक लाख रुपये आहेत. लॉट, म्हणजे एका वेळी घ्यावी लागणारी किमान संख्या, ७५ चा धरू, हा आकडा मधूनमधून बदलतो पण गणिताला तेवढा पुरे. साडेनऊला तो निफ्टी वर जाईल या अंदाजाने १०० रुपयाने एक लॉट कॉल घेतो, भाव पडलाच तर आपोआप विकला जावा म्हणून स्टॉपलॉस ८० ला लावतो. मार्केट खाली येतं, स्टॉपलॉस लागतो, १५०० रुपये गेले, म्हणजे भांडवलाचा दीड टक्का. हा ट्रेड बरोबरच होता बरं का, कारण किती जाऊ शकतात हे आधी ठरलेलं होतं आणि तेवढेच गेले.

चूक इथून पुढे सुरू होते. स्क्रीनवर लाल अक्षरात उणे १५०० दिसतंय आणि दिवस असा संपू नये एवढंच त्याच्या मनात आहे. चारच मिनिटांत तो उलट्या बाजूला जातो, आता निफ्टी पडेल म्हणून ११० ने पुट घेतो, आणि या वेळी दोन लॉट, कारण एका लॉटने आधीचे पैसे पटकन भरून निघणार नाहीत ना! स्टॉपलॉस ९५ ला ठरवतो, भाव ९६ ला आल्यावर तो खाली सरकवतो, शेवटी ८५ ला वैतागून बाहेर पडतो. ३७५० गेले. मग दुपारी दोन वाजता ६० रुपयाचा कॉल, चार लॉट, स्टॉपलॉसच नाही. एक्स्पायरीच्या दुपारी अशा ऑप्शनचा प्रीमियम, म्हणजे त्याचा भाव, बाजार जागच्या जागी राहिला तरी वितळतो. २५ ला विकला, १०,५०० गेले. दिवसाचा तोटा १५,७५०, ठरवलेल्या रिस्कच्या दहापटीहून जास्त. आणि आता उरलेल्या ८४,२५० वर मूळ लाखाला पोचायचं तर जवळजवळ १९ टक्के कमवायला लागतील.

यालाच रिव्हेंज ट्रेडिंग म्हणतात. लोक म्हणतात हा लोभ आहे, मला तसं वाटत नाही, दुसऱ्या ट्रेडमध्ये लोभापेक्षा भीती जास्त असते, तोटा मान्य करायची भीती. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की नफा समोर असताना माणूस सावध होतो, हातातला लहान नफा पटकन घेतो, पण तोट्यात असताना तोच माणूस जुगार खेळायला तयार होतो, बरोबरीला यायची थोडी जरी शक्यता दिसली तरी. वरच्या उदाहरणात क्वांटिटी एक, दोन, चार अशी दुप्पट होत गेली ती याच ओढीने.

लोभ येतो तो जिंकल्यावर. सकाळी दोन हजार सुटले की वाटतं आज आपला दिवस आहे, आणि मग सेटअप नसतानाही ट्रेड होत राहतात, कुठल्यातरी टेलिग्राम चॅनलवर कुणाचा तरी नफ्याचा स्क्रीनशॉट बघून आणखी दोन. हे ओव्हरट्रेडिंग. इथे तोटा एकदम दिसत नाही, तो खर्चातून गळतो. एक लॉट, १०० चा प्रीमियम, घेताना २० आणि विकताना २० ब्रोकरेज, त्यावर जीएसटी, एसटीटी, एक्स्चेंजचे चार्जेस, सगळं मिळून साधारण ६० रुपये तरी जातात. दिवसाला असे दहा ट्रेड म्हणजे ६००, महिन्याचे वीस दिवस म्हणजे १२,०००. लाखाच्या खात्यातला जवळजवळ आठवा हिस्सा, आणि तोही अंदाज बरोबर येवो की चूक. २०२३-२४ मध्ये एकेका ट्रेडरने सरासरी २६,००० रुपये नुसत्या खर्चात घातले असं सेबीचाच अभ्यास सांगतो.

मग करायचं काय? मनावर ताबा ठेवा, हा सल्ला मी देणार नाही. तोटा झाल्यावर तो ताबाच तर सुटलेला असतो. लगाम घालायचा तो सव्वानऊला बाजार उघडायच्या आधी, डोकं शांत असताना, आणि असा घालायचा की नंतर आपल्यालाच तो सहज काढता येऊ नये. एका ट्रेडमध्ये भांडवलाच्या एक-दीड टक्क्याहून जास्त जाणार नाही एवढीच क्वांटिटी. दिवसात दोन स्टॉपलॉस लागले की काम बंद, आणि बंद म्हणजे ॲप मिटवणं नाही, कारण ते परत उघडतं. बऱ्याच ब्रोकरकडे किल स्विच असतो, तो दाबला की तो सेगमेंट काही तास बंद राहतो, तो दाबा. तुमच्या ब्रोकरकडे तो आहे का आणि किती तास चालतो हे आजच बघून ठेवा. आणि सगळं भांडवल ट्रेडिंग खात्यात ठेवू नका, आठवड्याला लागेल तेवढंच ठेवा, बाकीचं बँकेत. वरच्या माणसाच्या खात्यात लाखाऐवजी दहा हजार असते तर १८,००० चे चार लॉट घेताच आले नसते.

आपल्याला ही सवय आहे का, हे कसं ओळखायचं? ब्रोकरच्या साइटवरून गेल्या तीन महिन्यांचं ट्रेडबुक, म्हणजे सगळ्या ट्रेडची यादी, काढा. तोट्यात बंद झालेल्या प्रत्येक ट्रेडनंतर पुढचा ट्रेड किती मिनिटांनी घेतलाय आणि क्वांटिटी वाढवलीये का, ते पेनने लिहा. मग तोट्यानंतर पंधरा मिनिटांच्या आत घेतलेले ट्रेड वेगळे काढा आणि त्यांची खर्चासकट बेरीज करा, बाकीच्यांची वेगळी. घाईतल्यांची बेरीज खूप उणे असेल तर नियम सरळ आहे, स्टॉपलॉस लागल्यावर पंधरा मिनिटं खुर्चीवरून उठायचं, आणि परत येऊन ट्रेड घ्यायचाच असेल तर कारण, स्टॉपलॉस आणि क्वांटिटी आधी वहीत लिहायची.

आणि दुसरी बेरीज पण नीट बघा. शांतपणे, ठरवून घेतलेले ट्रेडसुद्धा खर्च धरून तोट्यातच असतील तर प्रश्न रागाचा किंवा लोभाचा राहिलेला नाही, पद्धतच चालत नाहीये. तिथे किल स्विचचा उपयोग नाही, तिथे ऑप्शनचा सेगमेंटच बंद करायला ब्रोकरला सांगायचं, आणि घरच्यांना खरा आकडा दाखवायचा, कर्ज काढून भरपाई करायला जायच्या आधी.