टक् आवाजात किती सूर असतात?

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आजच्या पत्रिकेवर ‘कालावधी आणि बँडविड्थ यांचे नाते’ असा विषय छापला आहे. बँडविड्थ म्हणजे आवाजात असलेल्या वारंवारतांच्या पट्ट्याची रुंदी. हा विषय वाचून सभागृहातील निम्मी मंडळी हायझेनबर्गची वाट पाहत बसली असणार, याची मला कल्पना आहे. त्यांची मी सुरुवातीलाच निराशा करतो. आखूड स्पंदात अनेक वारंवारता असाव्याच लागतात, या गोष्टीचे श्रेय पुंजभौतिकीला देण्याची जी सवय आपल्याकडे पडली आहे, तिच्याविषयी माझी जुनी तक्रार आहे. हायझेनबर्गचे अनिश्चिततेचे तत्त्व १९२७ सालचे आहे. ज्या तरंगगणितातून हे नाते निघते ते फुरिएने १८२२ सालीच ग्रंथरूपाने मांडले होते. या गणितात प्लांकचा स्थिरांक कोठेही लागत नाही. ते समजून घ्यायला अणूपर्यंत जाण्याचीही गरज नाही, श्रवणचाचणीच्या खोलीपर्यंत गेले तरी पुरते.

माझ्या परिचयाच्या एक ऑडिओलॉजिस्ट बाई आहेत. त्या पूर्वी जेथे काम करीत, तेथे इचलकरंजीकडचे एक निवृत्त यंत्रमाग कामगार तपासणीसाठी आले होते. मागाच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्या माणसाचा ऑडिओग्राम कसा दिसतो, हे या व्यवसायातील लोकांना न बघताही सांगता येते: खालच्या वारंवारतांना कान बरा असतो आणि ४००० हर्ट्झच्या आसपास आलेख खड्ड्यात उतरतो. या गृहस्थांचा खड्डा मात्र फारच उथळ निघाला. ४००० हर्ट्झचा सूर त्यांना ४५ डेसिबललाच ऐकू येत होता, आणि घरी मात्र त्यांना सुनेचे बोलणे कळत नव्हते. (सुनेचे बोलणे न कळण्याची इतरही कारणे असतात, असे आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यांवर मला दिसते आहे, पण ती तपासण्याचे यंत्र अजून निघालेले नाही.)

बाईंच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. सूर ऐकू येत असेपर्यंत बटण दाबून धरायचे, अशी सूचना त्यांनी दिली होती. हे गृहस्थ सूर सुरू होताच बटण दाबून लगेच सोडत, आणि सूर बंद होताना पुन्हा एकदा दाबत. मधला सगळा वेळ हात स्वस्थ. बाई म्हणाल्या, “काका, शिट्टी वाजतेय तोवर दाबून धरायचं.” त्यावर ते म्हणाले, “शिट्टी कुठाय मॅडम? नुसतं टक् वाजतंय, आणि जरा वेळानं परत टक्.”

निदान त्या एका वाक्यात होते. यंत्रातील सूर चालू-बंद करणारा भाग बिघडलेला होता. सूर हळूहळू चढून हळूहळू उतरण्याऐवजी एका झटक्यात सुरू होई आणि एका झटक्यात तुटे. ४००० हर्ट्झचा सूर त्या कानाला ऐकू येतच नव्हता. ऐकू येत होत्या त्या सुराच्या दोन कडा, आणि त्याही कानाच्या धडधाकट भागातून, म्हणजे १००० हर्ट्झच्या आसपास. दुसऱ्या यंत्रावर तपासल्यावर त्याच कानाला तो सूर ऐकू यायला ६५ डेसिबल लागले. आता प्रश्न असा, की यंत्राने ४००० हर्ट्झचाच सूर दिला होता, तर १००० हर्ट्झ आले कोठून?

त्या सुराचा ५ मिलिसेकंदांचा एक तुकडा घेऊ. त्यात बरोबर २० आवर्तने बसतात. आतील कान म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतांना डोलणाऱ्या भागांची रांग आहे. एका ओळीत टांगलेले लहानमोठे झोपाळे डोळ्यांसमोर आणा. २० धक्के बसले आणि थांबले. ज्या झोपाळ्याची स्वतःची लय ४००० ची आहे, त्याला प्रत्येक धक्का वेळेवर बसला. ४२०० हर्ट्झच्या झोपाळ्याची तेवढ्याच वेळात २१ आवर्तने होतात, म्हणजे तो धक्क्यांशी बरोबर एका आवर्तनाने फारकत घेतो. पहिल्या निम्म्या धक्क्यांनी जे दिले, ते उरलेल्या निम्म्यांनी काढून घेतले, आणि शेवटी तो स्थिर राहिला. पण ४१०० चा झोपाळा? तो अर्धेच आवर्तन पुढे सरकला, त्यामुळे वजाबाकी पुरी झाली नाही. हिशेब केला तर ४००० च्या झोपाळ्याच्या सुमारे ६४ टक्के डोलणे त्याच्या वाट्याला येते. एवढ्याशा वेळात ४००० आणि ४१०० यांच्यात फरक करण्याइतका पुरावाच त्या तुकड्यात नसतो. फरक दिसण्यासाठी एका आवर्तनाचे अंतर पडावे लागते, आणि त्याला लागणारा वेळ म्हणजे वारंवारतांमधील फरकाचा व्यस्त: २०० हर्ट्झसाठी ५ मिलिसेकंद, १ हर्ट्झसाठी पूर्ण सेकंद. तुकडा निम्मा करा, पट्टा दुप्पट होतो.

हेच उलट बाजूने पाहता येते. एकच शुद्ध वारंवारता म्हणजे अनादि-अनंत तरंग. त्याच्या आधी आणि नंतर शांतता हवी असेल, तर ती कोणीतरी निर्माण करावी लागते, आणि ते काम शेजारच्या वारंवारता करतात: स्पंदाच्या क्षणी सगळ्या एकत्र येतात आणि बाहेर एकमेकींना खोडून काढतात. शांतता जितकी लवकर हवी, तितक्या दूरच्या वारंवारता बोलवाव्या लागतात.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत आणि पत्रिकेवरचा खरा विषय आता सुरू होतो, तेव्हा सिद्धता तुम्ही घरी करावी. विधान एवढेच, की प्रमाण विचलन हे पसाऱ्याचे माप धरले, तर काळातील प्रमाण विचलन आणि वारंवारतेतील प्रमाण विचलन यांचा गुणाकार १/(४π) पेक्षा कमी होऊ शकत नाही. डेनिस गॅबरने १९४६ साली ध्वनी आणि संदेशवहन यांच्या संदर्भात हे मांडले. नेमकी ती किमान मर्यादा गाठतो फक्त गाऊसचा घंटाकृती स्पंद. झटक्यात तुटणाऱ्या सुराची दूरवरची शेपूट इतकी सावकाश विरते, की या मापाने त्याची रुंदी अनंतच येते.

त्या शेपटीनेच आपल्या कामगाराला चकवले. ५ मिलिसेकंदांच्या तुकड्यात सुमारे ३००० हर्ट्झ दूर, म्हणजे १००० हर्ट्झच्या आसपास, शेपटीतील छोट्या शिखरांची पातळी मुख्य शिखरापेक्षा सुमारे ३३ डेसिबलने खाली असते. ४५ मधून ३३ वजा केले तर १२ उरतात, आणि चांगल्या कानाला तेवढे पुरतात. सूर सेकंदभर लांबवूनही हे टळत नाही, कारण दूरच्या वारंवारतांचा वाटा कडांमधून येतो आणि कडा तशाच राहतात. उपाय म्हणजे कड बोथट करणे. चढायला आणि उतरायला प्रत्येकी २५ मिलिसेकंद दिले, तर सरळ रेषेतील चढसुद्धा १००० हर्ट्झपाशी आणखी सुमारे ४७ डेसिबल कमी करतो. श्रवणचाचणीच्या यंत्रांच्या मानकांत चढ-उतारासाठी किमान २० मिलिसेकंदांची अट असते ती यासाठी.

याची दुसरी बाजू बेरा चाचणीत दिसते. तान्ह्या बाळाला बटण दाबता येत नाही, म्हणून डोक्यावर इलेक्ट्रोड लावून श्रवणाचा मज्जातंतू आणि मेंदूचा खोडभाग यांचा प्रतिसाद मोजतात, आणि तो दिसण्यासाठी असंख्य तंतू एकाच क्षणी उद्दीपित व्हावे लागतात. त्यासाठी ०.१ मिलिसेकंदाचा क्लिक देतात. त्यातील वारंवारतांची पातळी पहिल्यांदा शून्यावर येते ती थेट १०,००० हर्ट्झला, त्यामुळे तो जवळजवळ सगळा कान एकदम हलवतो. प्रतिसाद स्वच्छ येतो, पण कोणती वारंवारता गेली आहे ते कळत नाही. ते हवे असेल तर पाच आवर्तनांचा आखूड सूर देतात: दोन चढती, एक सपाट, दोन उतरती. ४००० हर्ट्झला हा सव्वा मिलिसेकंदात संपतो, ५०० हर्ट्झला त्याला १० मिलिसेकंद लागतात, आणि तितक्या प्रमाणात खालच्या वारंवारतेचा प्रतिसाद पसरट आणि वाचायला अवघड होतो.

एक शंका मागच्या रांगेतून आली आहे: मग लांब स्पंदाची बँडविड्थ कमीच असते का? नाही. मर्यादा फक्त खालच्या बाजूने आहे. क्लिकमधील त्याच वारंवारता घेऊन खालच्या आधी आणि वरच्या नंतर सोडल्या, तर स्पंद लांबतो, पण पट्टा तेवढाच राहतो. याला चर्प म्हणतात. कानात खालच्या वारंवारतांची लाट आतल्या टोकापर्यंत पोहोचायला काही मिलिसेकंद जास्त घेते, म्हणून त्यांना आधी सोडले की सगळ्या भागांतील तंतू एकाच वेळी उद्दीपित होतात, आणि मध्यम पातळीवर बेराची लाट क्लिकपेक्षा मोठी येते.